आहार-प्रश्नाचा ड्युअल: विक्रेत्याच्या भावपत्रकातून

लिनियर प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्याला ड्युअल, म्हणजे दिलेल्या प्रश्नाचा जोडप्रश्न, बहुधा एका कृतीच्या रूपात भेटतो. तक्ता फिरवून ओळींचे स्तंभ करायचे, ≥ च्या जागी ≤ लिहायचे, ‘कमीत कमी’चे ‘जास्तीत जास्त’ करायचे. कृती पाठ होते, गुणही मिळतात, पण त्या नव्या चलांचा अर्थ काय आणि दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच का येते, हे कोडे तसेच राहते. हे कोडे सोडवायला आहाराचा प्रश्न सर्वांत सोयीचा, कारण त्याच्या ड्युअलमध्ये एक माणूस उभा करता येतो: शुद्ध पोषक द्रव्ये सुटी विकणारा विक्रेता. तो आपल्या मालाला काय भाव लावेल, एवढाच प्रश्न धरून चाललो तर अख्खा ड्युअल आपोआप कागदावर उतरतो.

वाचताना कागद-पेन्सिल जवळ ठेवा. आकडे मुद्दाम लहान घेतले आहेत. प्रत्येक बेरीज स्वतः करून पाहण्यातच खरी समज आहे.

आधी खरेदीदाराचा प्रश्न

एका स्वयंपाकघराला रोज किमान ६० ग्रॅम प्रथिने आणि किमान ४० मिलिग्रॅम लोह हवे आहे. बाजारात क, ख आणि ग अशी तीन अन्ने आहेत. प्रत्येक पाकिटात काय आहे आणि ते कितीला मिळते, ते असे:

| अन्न | प्रथिने (ग्रॅम) | लोह (मिलिग्रॅम) | किंमत (नाणी) |
|---|---|---|---|
| क | ३ | १ | ९ |
| ख | १ | २ | ८ |
| ग | २ | २ | १२ |

पाकिटे अर्धी-पाव घेता येतात असे धरू. क, ख, ग ही अक्षरेच पाकिटांची संख्या मानली तर खरेदीदाराला ९क + ८ख + १२ग हा खर्च कमीत कमी ठेवायचा आहे. अटी दोन:

३क + ख + २ग ≥ ६०
क + २ख + २ग ≥ ४०

शिवाय कोणतीही संख्या ऋण नको. हा झाला मूळ प्रश्न. तो आत्ताच सोडवायची घाई नको.

आता विक्रेता येतो

विक्रेत्याकडे अन्न नाही. त्याच्याकडे शुद्ध प्रथिनांची आणि शुद्ध लोहाची भुकटी आहे. तो खरेदीदाराला म्हणतो, “पाकिटांच्या भानगडीत पडू नका. तुम्हाला हवी तेवढी प्रथिने आणि हवे तेवढे लोह माझ्याकडून सुटे घ्या.” प्रथिनांचा भाव एका ग्रॅमला ‘प’ नाणी आणि लोहाचा एका मिलिग्रॅमला ‘ल’ नाणी. खरेदीदार चवीढवीचा विचार करत नाही, त्याला फक्त पोषण हवे आहे. सौदा झाला तर विक्रेत्याच्या हाती ६०प + ४०ल पडतील, आणि ही रक्कम त्याला शक्य तितकी मोठी हवी आहे.

मग तो भाव वाटेल तितका का चढवत नाही? कारण समोर पाकिटे आहेत. क च्या एका पाकिटातून ३ ग्रॅम प्रथिने आणि १ मिलिग्रॅम लोह मिळते आणि ते ९ नाण्यांना पडते. तेवढ्याच भुकटीला विक्रेत्याने १० नाणी मागितली तर खरेदीदार सरळ क च्या पाकिटाकडे वळेल. म्हणून क मध्ये जेवढे पोषण आहे तेवढ्या भुकटीची एकूण किंमत ९ च्या वर जाता कामा नये. ख आणि ग यांच्या बाबतीतही हेच. विक्रेत्याच्या अटी अशा तयार होतात:

३प + ल ≤ ९ (क मुळे)
प + २ल ≤ ८ (ख मुळे)
२प + २ल ≤ १२ (ग मुळे)

भाव ऋणही नकोत. याचे कारण खरेदीदाराच्या ‘किमान’ या शब्दात आहे. जास्तीचे पोषण मिळाल्याने त्याचे काही बिघडत नाही, त्यामुळे एखादे द्रव्य गळ्यात मारण्यासाठी वर पैसे देण्याची विक्रेत्याला गरज पडत नाही. खरेदीदाराची अट ‘नेमके ६०’ अशी असती तर मात्र तो भाव शून्याखालीही जाऊ शकला असता.

एवढे झाले की ड्युअल लिहून संपला. खरेदीदाराच्या अटी द्रव्यागणिक एक आणि चले अन्नागणिक एक. विक्रेत्याच्या अटी अन्नागणिक एक आणि चले द्रव्यागणिक एक. तक्ता फिरवायचा तो यासाठी. नवशिक्यांची सर्वांत जास्त होणारी चूक इथलीच आहे: विक्रेत्याची अट लिहिताना ते तक्त्याचा चुकीचा हात धरतात आणि ३प + १प + २प असे काहीतरी तयार होते. ती पकडायला एककांची परीक्षा पुरते. पाकिटामागे ग्रॅम गुणिले ग्रॅममागे नाणी म्हणजे पाकिटामागे नाणी. डावीकडचे प्रत्येक पद आणि उजवी बाजू ‘त्याच एका अन्नाच्या पाकिटामागे नाणी’ अशी आली तर अट बरोबर आहे.

भावपत्रक ठरवणे

विक्रेत्याच्या प्रश्नात दोनच चले आहेत, त्यामुळे तो आलेखावर सुटतो. आडव्या अक्षावर प, उभ्या अक्षावर ल घ्या आणि तिन्ही रेषा काढा. ग ची रेषा बाकी दोघींच्या बाहेरून जाते. ती कुठेच अडवत नाही. परवानगी असलेल्या भागाचे कोपरे असे येतात: (०, ०), (३, ०), (२, ३) आणि (०, ४). सर्वांत जास्त मिळकत कोपऱ्यावरच सापडते, म्हणून एकेक कोपरा तपासू. फक्त प्रथिनांचे पैसे घेतले, म्हणजे (३, ०), तर १८० नाणी. फक्त लोहाचे घेतले, म्हणजे (०, ४), तर १६०. आणि (२, ३) वर ६० × २ + ४० × ३ = २४० नाणी.

तर विक्रेत्याचा भाव ठरला: प्रथिने ग्रॅमला २ नाणी, लोह मिलिग्रॅमला ३ नाणी, मिळकत २४०.

आता या भावाने तिन्ही पाकिटांचे मोल काढा. क चे ३ × २ + १ × ३ = ९, म्हणजे बाजारातल्या किमतीइतकेच. ख चे २ + ६ = ८, तेही तितकेच. ग चे मात्र ४ + ६ = १० आणि बाजारात ते १२ ला आहे. हा २ नाण्यांचा फरक लक्षात ठेवा, तो पुढे कामाला येणार आहे.

तफावत कुठे कुठे सांडते

या विषयातला सर्वांत सुंदर भाग मला हाच वाटतो, आणि नेमका हाच घाईत उरकला जातो. म्हणून इथे थोडे रेंगाळू.

मुद्दाम एक साधारण आहार घ्या आणि एक साधारण भावपत्रक घ्या. दोन्ही नियमात बसणारी, पण सर्वोत्तम नसलेली. आहार: क ची २० पाकिटे आणि ख ची १०. यातून ७० ग्रॅम प्रथिने आणि ४० मिलिग्रॅम लोह मिळते, खर्च २६०. भावपत्रक: दोन्ही द्रव्यांना २ नाणी. तपासून पाहा, क चे मोल ८, ख चे ६, ग चे ८. कुठेही बाजारभाव ओलांडला जात नाही. विक्रेत्याची मिळकत १२० + ८० = २००.

म्हणजे खरेदीदाराचा खर्च २६०, विक्रेत्याची मिळकत २००, मध्ये ६० ची दरी. ही दरी आली कुठून? मध्ये एक तिसरा आकडा ठेवून पाहू: खरेदीदाराच्या ताटात प्रत्यक्षात जेवढे पोषण आहे, तेवढ्याची भुकटी विक्रेत्याच्या भावाने कितीला पडली असती? ७० × २ + ४० × २ = २२०. आता साखळी अशी दिसते:

२०० ≤ २२० ≤ २६०

पहिली पायरी २० ची. गरज ६० ग्रॅमची असताना ताटात ७० ग्रॅम प्रथिने आली, आणि ती जास्तीची १० ग्रॅम विक्रेत्याच्या हिशोबात २ नाणी ग्रॅमची होती. दुसरी पायरी ४० ची. क च्या पाकिटाला खरेदीदाराने ९ दिले पण भुकटीच्या भावाने त्याचे मोल ८ होते, अशी २० पाकिटे म्हणजे २० नाणी. ख ला ८ दिले आणि मोल ६, अशी १० पाकिटे म्हणजे आणखी २० नाणी. वीस आणि चाळीस मिळून साठ. एकही नाणे हिशोबाबाहेर राहिले नाही.

ही साखळी या आहाराची किंवा या भावपत्रकाची मिजास सांभाळत नाही. नियमात बसणारा कोणताही आहार आणि कोणतेही भावपत्रक घ्या, ती टिकते. पहिली पायरी टिकते कारण ताटात गरजेपेक्षा कमी काही नसते आणि भाव ऋण नसतात. दुसरी टिकते कारण कोणत्याही पाकिटाचे मोल त्याच्या किमतीच्या वर जात नाही. म्हणून विक्रेत्याची मिळकत खरेदीदाराच्या खर्चाला कधीच मागे टाकू शकत नाही. आणि दोन्ही आकडे एकमेकांना टेकले, तर तो आहारही सर्वोत्तम आणि ते भावपत्रकही सर्वोत्तम, हे तिथल्या तिथे सिद्ध होते. एखाद्याने तुमच्यापुढे आहार आणि भावपत्रक दोन्ही ठेवले, तर त्याने ते कसे शोधले हे विचारायचीही गरज नाही. बेरजा करा, आकडे जुळतात का ते पाहा, बस्स.

दरी शून्य व्हायची तर दोन्ही पायऱ्या शून्य व्हायला हव्यात. पहिलीचा अर्थ: ज्या द्रव्याला भाव आहे ते गरजेपेक्षा कणभरही जास्त नको, आणि जे जास्त आले आहे त्याचा भाव शून्य हवा. दुसरीचा अर्थ: जे अन्न घेतले आहे त्याचे मोल त्याच्या किमतीइतकेच हवे, आणि ज्याचे मोल किमतीपेक्षा कमी आहे ते अन्न घ्यायचे नाही. पुस्तकात याला पूरक शिथिलता म्हणतात. इथे ते दोन पायऱ्यांचे सपाट होणे आहे.

याचा उपयोग लगेच करू. आपल्या (२, ३) या भावपत्रकात दोन्ही भाव धन आहेत, म्हणजे प्रथिने नेमकी ६० आणि लोह नेमके ४० हवे. ग चे मोल कमी पडते, म्हणजे ग शून्य. उरले ते दोन समीकरणांचे गणित: ३क + ख = ६० आणि क + २ख = ४०. उत्तर क = १६, ख = १२. खर्च १४४ + ९६ = २४०. विक्रेत्याचा आकडाही २४० च होता. खरेदीदाराचा प्रश्न आपण विक्रेत्याच्या मदतीने सोडवला आणि पडताळणीही त्यातच झाली.

भाव सांगतो काय

उद्या गरज ६० ऐवजी ६१ ग्रॅम प्रथिनांची झाली तर? तीच समीकरणे पुन्हा सोडवा: क १६.४, ख ११.८, खर्च १४७.६ + ९४.४ = २४२. वाढ बरोबर २ नाण्यांची, म्हणजे प्रथिनांच्या भावाइतकीच. छाया-किंमत म्हणतात ती ही. भुकटीचा बाजार अस्तित्वात नसला तरी हा भाव अस्तित्वात असतो: तुमची गरज एका ग्रॅमने वाढली तर स्वस्तात स्वस्त आहार कितीने महागेल, हे तो सांगतो.

यातून एक व्यवहारी निर्णय थेट निघतो. बाजारात खरोखरच प्रथिनांची भुकटी मिळू लागली आणि तिचा भाव ग्रॅमला दीड नाणे असला, तर थोडी भुकटी घेऊन क-ख चे प्रमाण बदलणे फायद्याचे. अडीच नाणी असला तर तिकडे फिरकायचे कारण नाही.

तसेच ग चे ते २ नाणी. कुणी आग्रहाने ग चे एक पाकीट आहारात घालायला लावले, तर उरलेली गरज ५८ आणि ३८, क १५.६, ख ११.२, त्यांचा खर्च २३०, वर ग चे १२. एकूण २४२. आग्रहाची किंमत २ नाणी, मोल आणि किंमत यांतल्या फरकाइतकीच. ग ला आहारात जागा हवी असेल तर त्याने १० नाण्यांपर्यंत तरी खाली यायला हवे.

एक अन्न स्वस्त झाले की कुणाचा भाव वाढतो

समजा ग खरोखरच स्वस्त झाले आणि ८ नाण्यांवर आले. तर विक्रेत्याचे काय होईल? सहज वाटते की स्पर्धा वाढली, आता त्याला दोन्ही भाव उतरवावे लागतील. मोजून पाहू.

ग ची अट आता २प + २ल ≤ ८ झाली. (२, ३) हे जुने भावपत्रक ती मोडते, कारण त्या भावाने ग चे मोल १० येते. नवा सर्वोत्तम कोपरा क आणि ग यांच्या रेषा छेदतात तिथे आहे: प = २.५, ल = १.५. मिळकत १५० + ६० = २१०. आहाराच्या बाजूने क १० आणि ग १५, खर्च ९० + १२० = २१०. जुळले. ख चे मोल आता २.५ + ३ = ५.५ आणि किंमत ८, त्यामुळे ते आहारातून बाहेर पडले.

पाहण्यासारखे हे की लोहाचा भाव ३ वरून निम्म्यावर आला, पण प्रथिनांचा २ वरून २.५ वर चढला. अन्न स्वस्त झाले, एकूण खर्च ३० नाण्यांनी उतरला आणि तरी एका द्रव्याचा भाव वाढला. कारण विक्रेता दोन्ही भाव सुटेसुटे ठरवत नाही. पाकिटात ती द्रव्ये जोडीने येतात. ग मुळे लोह स्वस्तात मिळू लागल्यावर लोहाचा भाव उतरवणे भाग पडले. तो उतरल्यामुळे क च्या पाकिटाच्या अटीत जागा मोकळी झाली, आणि ती जागा विक्रेत्याने प्रथिनांचा भाव वाढवून भरून काढली. खरेदीदाराच्या बाजूने तेच असे दिसते: आधी एक ग्रॅम प्रथिने वाढवायला क थोडे वाढवून ख थोडे कमी करता येत होते, आता क वाढवताना ग कमी करावे लागते, आणि ग सोडताना ख पेक्षा जास्त प्रथिने जातात, म्हणून क जास्त घ्यावे लागते. एखाद्या द्रव्याचा भाव हा त्या द्रव्याचा स्वतःचा गुण नाही, तो सगळ्या पाकिटांनी आणि गरजांनी मिळून ठरतो. ड्युअलचा आर्थिक अर्थ लावताना हे विसरले की निष्कर्ष हमखास चुकतात.

भाव कुठवर टिकतो

मूळ तक्त्याकडे परत या, ग पुन्हा १२ ला. प्रथिनांचा भाव २ नाणी आहे म्हणून गरज ६० वरून २०० केली तर खर्च २८० नाण्यांनी वाढेल का? नाही. लोहाची गरज ४० वर ठेवून प्रथिनांची गरज वाढवत गेलो की ख कमी कमी होत जाते आणि गरज १२० ला पोचते तेव्हा ते संपते. त्यापुढे फक्त क उरते. तिथे एक जास्तीचा ग्रॅम म्हणजे क च्या पाकिटाचा तिसरा हिस्सा, भाव ३ नाणी. लोह गरजेपेक्षा जास्त येऊ लागते आणि त्याचा भाव शून्य होतो. उलट दिशेने गरज २० च्या खाली नेली तर फक्त ख उरते आणि प्रथिनांचाच भाव शून्य होतो. म्हणजे २ नाण्यांचा भाव २० ते १२० या पट्ट्यापुरता खरा.

बरोबर १२० वर काय? तिथे भाव एकच नाही. गरज कमी केली तर ग्रॅममागे २ वाचतात, वाढवली तर ग्रॅममागे ३ लागतात. अशा ठिकाणी सॉफ्टवेअर दोन्हींपैकी एक भावपत्रक देऊन मोकळे होते आणि दुसरे आहे याची सूचनाही देत नाही. ओळखायची खूण अशी: आहारात शून्य नसलेल्या अन्नांची संख्या नेमक्या भरलेल्या गरजांपेक्षा कमी आहे. इथे १२० वर एकटे क आहे आणि गरजा मात्र दोन्ही नेमक्या भरल्या आहेत. ही खूण दिसली की गरज थोडी वर-खाली करून दोनदा सोडवून पाहावे.

दुसरी मर्यादा पाकिटांची. अर्धी-पाव पाकिटे घेता येतात हे आपण धरून चाललो. अखंडच घ्यायची असतील तर ६१ ग्रॅमची गरज २४२ मध्ये भागत नाही. स्वस्तात स्वस्त उपाय क १६, ख ११ आणि ग १, खर्च २४४. विक्रेत्याचे भावपत्रक तळ दाखवते, पण आकडे टेकतीलच याची हमी अखंड पाकिटांच्या प्रश्नात नाही.

भाव शून्य म्हणजे द्रव्य निरुपयोगी नव्हे

याचे उत्तम उदाहरण आहाराच्या मूळ ऐतिहासिक प्रश्नातच आहे. जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली ७७ अन्ने आणि ९ पोषक घटक घेऊन अमेरिकेतल्या १९३९ च्या किमतींवर स्वस्तात स्वस्त आहार काढला. असे प्रश्न सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत तेव्हा नव्हती, त्याने तर्काने पर्याय गाळत वर्षाला ३९.९३ डॉलर हा आकडा गाठला. १९४७ साली जॅक लेडरमन यांच्या देखरेखीखाली हाताने चालवायच्या गणकयंत्रांवर तोच प्रश्न सिम्प्लेक्सने सोडवला, त्यात सुमारे १२० मनुष्यदिवस गेले आणि उत्तर ३९.६९ डॉलर आले. तर्काने काढलेले उत्तर अवघ्या २४ सेंटांनी चुकले होते.

त्या सर्वोत्तम आहारात पाच अन्ने आहेत: गव्हाचे पीठ, यकृत, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा. नेमक्या भरलेल्या गरजाही पाच: उष्मांक, कॅल्शियम, अ जीवनसत्त्व, रिबोफ्लेविन आणि क जीवनसत्त्व. प्रथिनांची गरज दिवसाला ७० ग्रॅम धरली होती आणि ताटात दुपटीहून जास्त आली. लोह तर पाचपट आले. म्हणून स्टिगलरच्या प्रश्नात प्रथिनांचा आणि लोहाचा भाव शून्य आहे. शरीराला त्यांची गरज नाही असा याचा अर्थ नव्हे. बाकीच्या गरजा भागवताना ती फुकटात येतात, त्यामुळे विक्रेत्याला त्यांच्यासाठी एक सेंटही मागता येत नाही.

वरची मर्यादा आली तर

खऱ्या आहारात ‘यापेक्षा जास्त नको’ अशाही अटी असतात. क च्या पाकिटात २ ग्रॅम मीठ, ख मध्ये १ आणि ग मध्ये काहीच नाही, आणि दिवसाला ४० ग्रॅमची मर्यादा आहे असे समजा. आपला १६-१२ चा आहार ४४ ग्रॅमवर जातो, म्हणजे तो आता चालणार नाही.

विक्रेता इथे काय करतो? त्याच्या भुकटीत मीठ नाही. तो खरेदीदाराला म्हणतो, “तुमचा मिठाचा ४० ग्रॅमचा वाटाही मला द्या, ग्रॅममागे मी तुम्हाला ‘म’ नाणी देतो.” त्यामुळे त्याची मिळकत ६०प + ४०ल − ४०म. आणि पाकीट घेणाऱ्याला त्यातल्या मिठाइतका वाटा विकता येत नाही, म्हणून पाकिटाच्या मोलातून ते वजा होते:

३प + ल − २म ≤ ९
प + २ल − म ≤ ८
२प + २ल ≤ १२

वजा चिन्ह का येते हे पाठ करायची गरज राहत नाही. मर्यादेचा वाटा ही खरेदीदाराची मालमत्ता आहे, एवढे ध्यानात ठेवले की पुरते. तिन्ही अटी नेमक्या धरून सोडवले तर प २.७५, ल ३.२५, म १.२५ आणि मिळकत १६५ + १३० − ५० = २४५. आहार क १५, ख १०, ग अडीच पाकिटे; खर्च १३५ + ८० + ३० = २४५. मघापर्यंत नको असलेले ग आता आत आले, कारण ते मीठ आणत नाही. मर्यादा ४१ केली तर सव्वा नाणे वाचेल.

संगणकावर सोडवताना

पायथनमध्ये हाच प्रश्न असा लिहितात:

```python
from scipy.optimize import linprog
r = linprog([9, 8, 12],
            A_ub=[[-3, -1, -2], [-1, -2, -2], [2, 1, 0]],
            b_ub=[-60, -40, 40])
print(r.x, r.fun)
print(r.ineqlin.marginals)
```

`linprog` असमानतांमध्ये फक्त ≤ ओळखतो, म्हणून ‘किमान’च्या दोन्ही ओळी उणे एकने गुणल्या आहेत. भाव छापले जातात ते −2.75, −3.25 आणि −1.25. तिन्ही ऋण पाहून गोंधळ होतो आणि विक्रेता उलट पैसे देतो की काय असे वाटते. `marginals` प्रत्यक्षात एवढेच सांगते की `b_ub` मधला आकडा एकने वाढला तर खर्च कितीने बदलतो. पहिल्या ओळीत −60 चे −59 होणे म्हणजे गरज एका ग्रॅमने कमी होणे, म्हणून खर्च २.७५ ने उतरतो. प्रथिनांचा भाव अधिक २.७५. तिसऱ्या ओळीत 40 चे 41 होणे म्हणजे मिठाची मर्यादा सैल होणे, म्हणून खर्च १.२५ ने उतरतो. तिथे उणे गुणाकार केलेलाच नव्हता. आपण उणे लावलेल्या ओळींची चिन्हे उलटायची आणि न लावलेल्या ओळी ‘मर्यादा सैल केली तर होणारी बचत’ म्हणून वाचायच्या. दुसरे कोणते सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्याची चिन्हांची पद्धत वेगळी असू शकते. शंका आली तर एक गरज एकने वाढवून पुन्हा सोडवा आणि खर्चातला फरक छापलेल्या भावाशी ताडून पाहा.